पंधरा वर्षे उशिरा आलेली नळी

डोंबिवलीहून शीळफाट्याकडे जाताना रिक्षावाले अजूनही 'प्रीमियर' म्हणून एक थांबा सांगतात. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या या जागेत प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना होता. कंपनीत तो 'कल्याण प्लांट' म्हणून ओळखला जाई. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियरची स्थापना केली. कुर्ल्याचा मूळ कारखाना फियाटच्या परवान्यावर पद्मिनी बनवत राहिला. कल्याणच्या वाट्याला 1990 च्या दशकात दुसराच पाहुणा आला, फ्रान्सची प्यूजो. 1994 मध्ये 'पाल-प्यूजो' या नावाने प्यूजो 309 ही गाडी बाजारात आली. तिच्या दोन इंजिनांपैकी लोकांच्या लक्षात राहिले ते डिझेलचे. टीयूडी-5 नावाचे, 1527 सीसीचे, जेमतेम 58 अश्वशक्तीचे हे इंजिन कमी डिझेल पिण्यासाठी प्रसिद्ध होते.

पुढे जगभरच्या डिझेल गाड्यांचा कायापालट करणारे 'कॉमन रेल' तंत्र नेमक्या याच काळात युरोपात आकार घेत होते. ते घडवणाऱ्यांत फियाट आघाडीवर होती आणि ते लगेच उचलणाऱ्यांत प्यूजो. म्हणजे त्या वेळी प्रीमियरचे दोन्ही परदेशी भागीदार त्या वाटेवर होते. तरीही प्रीमियरच्या नावाच्या गाडीत कॉमन रेल बसायला 2012 उजाडले. मधल्या पंधरा वर्षांत महाराष्ट्रातल्या मोटारधंद्याचा नकाशाच बदलून गेला.

आधी 309 च्या इंजिनात डिझेल कसे जाई ते पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की ती प्रचंड तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. मग सगळी मदार उरते ती डिझेल किती बारीक फवारले जाते आणि कोणत्या क्षणी, यावर. टीयूडी-5 मध्ये ते थेट सिलिंडरमध्ये जात नसे. सिलिंडरच्या डोक्यात एक लहानशी खोली असे, तिथे ते आधी पेटे आणि ज्वाळा अरुंद वाटेने खाली येई. या रचनेत हवा इतकी घुसळली जाते की फवारा जरा जाड असला तरी चालते. नोझल शे-सव्वाशे बारला उघडले तरी भागते. बार म्हणजे ढोबळमानाने आपल्याभोवतीच्या हवेचा दाब. गाडी शांत चालते, पंप स्वस्त पडतो. पण त्या खोलीच्या भिंती बरीच उष्णता पिऊन टाकतात आणि तेवढे डिझेल वाया जाते. थेट सिलिंडरमध्ये फवारले तर पंधरा-वीस टक्के बचत होते, हे सगळ्यांना माहीत होते. ट्रक तसेच चालत. मोटारीत मात्र तो ट्रकचा खडखडाट कोणाला नको होता.

खडखडाटाचे कारण असे. डिझेल आत गेल्यावर पेटायला क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात आणखी डिझेल येऊन साचते आणि मग सगळे एकदम भडकते. उपाय कागदावर सोपा होता. आधी चिमूटभर डिझेल सोडावे, ते पेटून जागा गरम झाली की मुख्य फवारा सोडावा, म्हणजे तो येता येताच जळेल. पण जुन्या पंपाला हे नीट जमणे कठीण होते. त्याच्यात दाब तयार करणे आणि डिझेल सोडणे ही दोन्ही कामे एकाच हालचालीत होत. इंजिनाशी बांधलेला कॅम फिरला की पंपाच्या दांड्याला धक्का बसे, दाब चढे, नळीतून लाट जाई आणि नोझल उघडे. इंजिन हळू फिरत असेल तर दाबही कमी. चढावर, कमी फेऱ्यांत, जास्त डिझेल मागितले की फवारा जाड पडे आणि मागून काळा धूर निघे. कसारा घाटात जुन्या ट्रकच्या मागे अडकलेल्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

ही दोन कामे वेगळी करावीत, एका पंपाने फक्त दाब साठवत राहावे आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी विजेवर उघडणारी झडप असावी, ही कल्पना फार जुनी आहे. 1960 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये रॉबर्ट ह्यूबर यांनी तिचा नमुना केला होता. जपानच्या डेन्सोने 1995 मध्ये हिनोच्या ट्रकवर ती विक्रीयोग्य करून दाखवली. मोटारींसाठीचे काम मात्र दक्षिण इटलीत बारी शहराच्या परिसरात, फियाटच्या संशोधन गटात झाले. मारिओ रिको हे भौतिकशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. त्यांनी प्रयोग यशस्वी केला, पण तो लाखोंच्या संख्येने बनवायचा तर प्रचंड भांडवल हवे होते आणि फियाटची त्या वेळी ओढाताण चालली होती. 1994 मध्ये फियाटने हे तंत्र जर्मनीच्या बॉशला देऊन टाकले. कल्याणला 309 चे उत्पादन उभे राहत होते, तेच हे वर्ष. 1997 च्या शरद ऋतूत अल्फा रोमियो 156 ही कॉमन रेल असलेली पहिली मोटार म्हणून बाजारात आली आणि पाठोपाठ मर्सिडीज आली. पहिल्या पिढीतला दाब होता 1350 बार.

त्या रचनेत डिझेलचा प्रवास असा होतो. टाकीतला लहान विद्युत पंप चार-पाच बारच्या दाबाने डिझेल फिल्टरकडे ढकलतो. फिल्टर कचरा अडवतो आणि पाणी खाली बसवतो. तिथून डिझेल उच्च दाबाच्या पंपात येते. त्यात एका विकेंद्री दांड्याभोवती साधारणपणे तीन लहान दट्टे बसवलेले असतात. ते आळीपाळीने डिझेल दाबून एका जाड, घडीव पोलादी नळीत भरत राहतात. हीच ती 'रेल'. सगळ्या सिलिंडरांना सामाईक, म्हणून कॉमन. तिच्या एका टोकाला दाब मोजणारा सेन्सर असतो. इंजिनाचा संगणक त्याचा आकडा सतत वाचतो आणि पंपात किती डिझेल शिरू द्यायचे ते झडपेने कमीजास्त करतो. गाडी नुसती उभी असताना अडीचशे-तीनशे बार पुरतात. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणात हजाराच्या वर जातात. 1600 बार म्हणजे काय, तर करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर एक बोलेरो उभी करावी इतका भार.

रेलमधून प्रत्येक इंजेक्टरकडे एक जाड पोलादी नळी जाते. खरी करामत इंजेक्टरच्या आत आहे. तिथली सुई नोझलची छिद्रे बंद करून बसलेली असते. 1600 बारविरुद्ध ही सुई थेट ओढून उचलायची तर विजेचे वेटोळे फार मोठे लागेल, आणि तितक्या झपाट्याने काम करणे त्याला जमणार नाही. म्हणून सुईच्या खाली आणि वरच्या एका छोट्या कोठडीत, दोन्हीकडे रेलचाच दाब दिलेला असतो. वरची बाजू रुंद असल्याने वरचा जोर भारी पडतो आणि सुई मिटलेली राहते. वेटोळ्यात वीज आली की ते फक्त कोठडीच्या छतावरचे मिलिमीटरभराचे पोलादी गोळीएवढे झाकण उचलते. कोठडीतले डिझेल भसकन बाहेर पडते. आत येण्याची वाट बाहेर जाण्याच्या वाटेपेक्षा अरुंद ठेवलेली असते, त्यामुळे वरचा दाब पडतो आणि खालचा दाब सुईला वर ढकलतो. वीज बंद झाली की झाकण बसते, कोठडी पुन्हा भरते, सुई खाली येते. थोडक्यात, सुई उचलण्याचे कष्ट डिझेलच करते, विजेने फक्त कडी काढायची. बाहेर पडलेले तेवढे डिझेल 'रिटर्न' नळीने टाकीकडे परत जाते. ही रिटर्नची नळी लक्षात ठेवावी, गॅरेजमध्ये तिचे काम पडणार आहे.

हे सगळे किती बारीक आहे, ते आपल्याकडे सर्वांत जास्त दिसलेल्या 1.3 लिटरच्या फियाट इंजिनावर हिशेब करून पाहता येते. समजा, गाडी ताशी 80 किलोमीटरने ठाण्याहून नाशिककडे निघाली आहे आणि लिटरला वीसचे ॲव्हरेज देते. म्हणजे तासाला चार लिटर. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला हजार वेळा डिझेल हवे. चार सिलिंडरांचे मिळून तासाला 2 लाख 40 हजार फवारे. चार लिटर त्यांत वाटले तर एका फवाऱ्याला सुमारे 17 घन मिलिमीटर येतात, पाण्याच्या एका थेंबाच्या तिसऱ्या हिश्शाइतके. त्यातलेही एक-दोन घन मिलिमीटर आधीच्या चिमटीसाठी बाजूला काढायचे. उरलेले सगळे सुमारे एक सहस्रांश सेकंदात, मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढ्या पाच-सहा छिद्रांतून सोडायचे. 2003 मध्ये आलेल्या या 'मल्टीजेट' इंजिनाला एका आवर्तनात पाचपर्यंत वेगवेगळे फवारे सोडता येत. दाब रेलमध्ये आयता तयार असल्याने फेरे हजार असोत की चार हजार, फवाऱ्याच्या बारकाव्यात फरक पडत नव्हता. जुन्या पंपाची अडचण इथे मिटली.

कल्याणच्या कारखान्याला हे काही दिसायचे नव्हते. गाडी चांगली होती, कारभार सांभाळला गेला नाही. प्रीमियर एकाच वेळी कुर्ल्यात फियाटबरोबर युनोची जुळवाजुळव करत होती आणि कल्याणला प्यूजोबरोबर 309 ची. दोन संसारांना पुरेल इतका पैसा तिच्याकडे नव्हता. दुरुस्तीचे जाळे विरळ, सुटे भाग वेळेवर मिळत नसत, कामगारांचा असंतोष संपापर्यंत गेला. 1997 मध्ये प्यूजो बाहेर पडली. पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये, तिने युरोपात आपली कॉमन रेल इंजिने 'एचडीआय' नावाने आणली. आज कल्याण-शीळ रस्त्यालगत टोलेजंग गृहसंकुले उभी आहेत. मोकळ्या राहिलेल्या जागेला लोक प्रीमियर मैदान म्हणत आले आणि तिथे राजकीय सभा होत.

भागीदारी टिकली असती तर डोंबिवलीत 1998 मध्येच कॉमन रेल आली असती, असे मानायचा मोह होतो. तो टाळलेला बरा. त्या वेळी देशात धुराचे नियम सैल होते, त्यामुळे महागडा पंप बसवायला कोणत्याच कंपनीवर सक्ती नव्हती. सरकारी दराने डिझेल स्वस्त होते, त्यामुळे पंधरा टक्के बचतीसाठी गिऱ्हाईक जास्त किंमत मोजेल याची खात्री नव्हती. फियाटची युनो डिझेलमध्ये आली तीही जुन्याच पद्धतीचे इंजिन घेऊन. परदेशी भागीदार असला तरी तो आपले जुने इंजिन पाठवतो. नवे पाठवतो ते बाजार किंवा कायदा भाग पाडतो तेव्हाच.

भाग पाडले ते कायद्याने. मुंबईसारख्या महानगरांत आधी भारत स्टेज 2, मग 2005 मध्ये भारत स्टेज 3 लागू झाले. मधल्या काळात, 2002 मध्ये, ह्युंदाईने ॲक्सेंट सीआरडीआय आणून सामान्य ग्राहकाला हे तंत्र दाखवले. महिंद्राची स्कॉर्पिओ आणि टाटाची सफारी 2005 च्या आसपास त्या वाटेने गेल्या. जानेवारी 2007 मध्ये मारुतीने स्विफ्ट डिझेल आणली आणि चित्र पालटले. तिच्यात होते तेच फियाटचे 1.3 मल्टीजेट, 1248 सीसीचे, 75 अश्वशक्तीचे. 309 च्या इंजिनापेक्षा लहान असूनही त्याच्याहून कितीतरी ताकदवान. फियाटने टाटांबरोबर पुण्याजवळ रांजणगावला कारखाना उभारला. तिथून हेच इंजिन फियाटच्या आणि टाटांच्या गाड्यांत गेले, आणि 2012 पासून मारुतीनेही तिथून विकत घेतले. इतक्या कंपन्यांच्या बोनेटखाली ते दिसू लागले की वाहनप्रेमी त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. इंजेक्टर आणि नोझलचे काम आधीपासून नाशिकला होतेच. तिथल्या मायको कारखान्याच्या दारावर 2008 मध्ये बॉशची पाटी लागली.

आणि प्रीमियर? ती संपली नव्हती. डिसेंबर 2009 मध्ये तिने रिओ नावाची छोटी एसयूव्ही काढली. सांगाडा चीनमधून आलेला आणि इंजिन प्यूजोचेच, टीयूडी-5. पंधरा वर्षांपूर्वी कल्याणला 309 मध्ये बसत होते ते घराणे. पण एप्रिल 2010 पासून मुंबई, पुणे आणि सोलापूरसह तेरा शहरांत भारत स्टेज 4 लागू झाले आणि हे इंजिन त्या कसोटीला उतरत नव्हते. वालचंदांच्या कंपनीची गाडी त्यांच्या जन्मगावीच नोंदवता येणार नाही अशी वेळ आली. अखेर 2012 मध्ये रिओला फियाटचे 1.3 मल्टीजेट बसवले गेले. कुर्ल्यात ज्या फियाटच्या परवान्यावर कंपनी मोठी झाली, तिचेच तंत्र जगाची फेरी मारून तिच्याकडे आले. रिओ फारशी खपली नाही, हा भाग वेगळा.

कॉमन रेलने गाड्यांइतकीच गॅरेजेही बदलली. कल्याण, भिवंडी, शीळफाटा या ट्रकांच्या पट्ट्यात पंप कॅलिब्रेशनची दुकाने होती. तिथला कारागीर पंपाचे एलिमेंट बदले, नोझल हाताने घासून बसवे, फवारा डोळ्यांनी पारखे आणि टायमिंग कानाने लावे. नव्या इंजेक्टरमध्ये सुई आणि तिच्या वाटेतली फट मिलिमीटरच्या दोन-चार हजारांश भागांची. डोळ्याला आणि कानाला तिथे वाव नाही. स्कॅनर आला, चाचणीचे बंद यंत्र आले. नवा इंजेक्टर बसवला की त्याच्या अंगावरचा कोड गाडीच्या संगणकात भरायचा, कारण प्रत्येकाचा बारीकसा फरक संगणकाला आधी सांगावा लागतो. चालू इंजिनाच्या नळीची गळती बोटाने चाचपायची सवयही मोडावी लागली. हजार बारची धार कातडी भेदून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमावण्याची पाळी येऊ शकते.

शिवाय एवढ्या बारीक फटींना डिझेल हेच वंगण. त्यात रॉकेल मिसळले की ते पातळ होते आणि पंपाचे दट्टे कोरडे घासतात. जुना पंप काही काळ ते सोसत असे, नवा सोसत नाही. महाराष्ट्रात भेसळ किती मुरली होती याची भीषण खूण 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ दिसली. अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनचोरांनी जिवंत जाळले. गंधक कमी केल्याने डिझेल 'कोरडे' झाले, ही गॅरेजमधली तक्रारही निम्मी खरी आहे. गंधक स्वतः वंगण नव्हे, पण ते काढण्याच्या प्रक्रियेत वंगणाचे गुण असलेले इतर घटकही निघून जातात. म्हणून शुद्धीकरण कारखान्यांना ते गुण वेगळे मिसळून परत आणावे लागतात.

कोकणाच्या पावसात दुसरा शत्रू पाणी. समजा, जुलैमध्ये डोंबिवलीची एक जुनी स्विफ्ट सकाळी सुरूच होत नाही. स्टार्टर जोरात फिरवतो, बॅटरी ठीक, पण इंजिन पेटत नाही. स्कॅनरवर रेलचा दाब नव्वद-शंभर बारवर अडकलेला दिसतो. साधारण दोनशे बार झाल्याशिवाय संगणक इंजेक्टरांना उघडण्याचा हुकूमच देत नाही, म्हणून इंजिन गप्प. दाब का चढत नाही याची कारणे तीन: पंपात डिझेल पुरेसे येत नाही, पंप झिजला, किंवा डिझेल कुठून तरी निसटते आहे. फिल्टर उघडला तर तळाला गढूळ पाणी. ते काढून, फिल्टर बदलूनही दाब तेवढाच. आता घाईघाईने पंप बदलला तर गिऱ्हाइकाचे बरेच हजार रुपये फुकट जाऊ शकतात. जाणता फिटर आधी चारही इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्या काढून चार मापाच्या बाटल्यांत सोडतो आणि स्टार्टर मारतो. तीन बाटल्यांच्या तळाला थोडेसेच डिझेल आणि एक भरभर भरली, तर चोर सापडला. पाण्याने गंजून त्या इंजेक्टरचे गोळीचे झाकण नीट बसेनासे झाले आहे. पंप भरतो तेवढे तो परत टाकीला पाठवतो. चारही बाटल्या सारख्याच आणि कमी भरल्या, तर मात्र संशय पंपावर.

मोटारींतला डिझेलचा हा सुकाळ फार टिकला नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि पेट्रोलशी असलेली तफावत आटत गेली. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 आले. त्यासाठी रेलच्या पुढे, धुराच्या नळीत, काजळीची गाळणी आणि इतर महागडी यंत्रणा बसवावी लागते. छोट्या गाडीला तो खर्च झेपेना. मारुतीने डिझेल सोडले आणि रांजणगावचे 1.3 मल्टीजेट बंद झाले. ट्रक, बस आणि मोठ्या एसयूव्हींत कॉमन रेल राहिली. जुलै 2023 पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जनरेटरसाठीचे नवे कडक नियम लागू झाले आणि ती आणखी एका ठिकाणी शिरली. आता औद्योगिक वसाहतीत किंवा एखाद्या संकुलात नवा मोठा जनरेटर घेतला तर त्यावर बहुधा कॉमन रेलच असते. मिनिटाला 1500 फेऱ्यांवर वर्षातले थोडेच तास चालणाऱ्या या यंत्राच्या टाकीत डिझेल महिनोन्महिने पडून राहते आणि पावसाळ्यात तिच्यात पाणी धरते. देखभाल करणाऱ्याने फिल्टरच्या तळाचा नळ आठवड्याला उघडला नाही, तर वीज जाते त्या रात्री दाबाचा आकडा दोनशेच्या खालीच अडकलेला सापडतो.